ट्रिपचा हिशेब: काय आधी ठरवायचं आणि परतल्यावर कसं मिटवायचं

प्रश्न: आम्ही पाच मित्र, त्यातल्या एकाची बायको आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी असे पुण्याहून तारकर्लीला तीन रात्रींसाठी चाललोय. गाडी एका मित्राची स्वतःची, सात सीटर. एक जण सुट्टी नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेल्वेने कुडाळला उतरणार. एक मित्र शाकाहारी आहे. तो आणि वहिनी पीत नाहीत. मागच्या ट्रिपला शेवटी ‘सगळं भागिले सहा’ केलं आणि दोघांनी नंतर दोन महिने अबोला धरला. या वेळी हिशेब कसा ठेवू, म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही आणि कोणाला पैसे मागताना अवघडल्यासारखंही होणार नाही?

उत्तर:

ट्रिपच्या हिशेबात दोन वेगळे प्रश्न असतात. पैसे कोणी दिले, हा एक; आणि ते कोणाच्या वाट्याचे होते, हा दुसरा. पहिला ट्रिपवर सुटतो, कारण बिल भरलं की नोंद करता येते. दुसरा मात्र निघण्याआधीच सोडवावा लागतो. बिल टेबलावर आल्यावर ‘मी तर मासे खाल्ले नाहीत’ म्हणणारा माणूस उगाच चिकट ठरतो. तेच आठ दिवस आधी बोललं गेलं तर तो सगळ्यांचा नियम होतो आणि कोणाच्या मनाला लागत नाही. मी बरीच वर्षं मित्रमंडळींच्या सहलींची व्यवस्था आणि हिशेब बघतो. कुरबुरीच्या मुळाशी मला जवळजवळ दर वेळी हा दुसरा प्रश्नच सापडला आहे.

म्हणून बुकिंग करण्याआधी दोन कामं करा. पहिलं म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळा फोन करून विचारा, ‘सगळं धरून किती रुपयांपर्यंत तुला सोयीचं आहे?’ ग्रुपवर विचारू नका. ग्रुपवर पहिल्याने दहा हजार लिहिलं की सात हजारवालाही दहाच लिहितो आणि मग ट्रिपभर मनात धुमसत राहतो. सगळ्यात लहान आकडा ज्याचा असेल, त्याला झेपेल अशी राहण्याची जागा निवडा. महागडा हौसेचा खर्च ज्याचा त्याने करावा. दुसरं काम म्हणजे वाट्यांचे नियम लिहून ग्रुपवर टाका आणि प्रत्येकाकडून ‘ठीक’ एवढं तरी येऊ द्या. हा मेसेज पुढे फार कामाला येतो, कारण वाद झालाच तर बोट त्या मेसेजकडे दाखवता येतं, माणसाकडे दाखवावं लागत नाही.

आता नियम. सुरुवात गाडीपासून करतो, कारण स्वतःची गाडी काढणाऱ्यावर अन्याय होतो तो कोणाला दिसतच नाही.

बहुतेक ग्रुप पेट्रोल आणि टोल वाटून घेतात आणि गाडीचा विषय संपला असं समजतात. पण नऊशे किलोमीटर गाडी पळाली की टायर झिजतात, सर्व्हिसिंग जवळ येतं, घाटात ब्रेक आणि क्लच खातात. साधं गणित मांडून बघा. चार टायरांचा खर्च वीस-बावीस हजार आणि आयुष्य चाळीस-पंचेचाळीस हजार किलोमीटर धरलं, तर किलोमीटरमागे साधारण पन्नास पैसे झाले. दहा हजार किलोमीटरला सात-आठ हजारांचं सर्व्हिसिंग म्हणजे आणखी सत्तर-ऐंशी पैसे. बाकी किरकोळ झीज मिळून किलोमीटरमागे दोन रुपये अगदी वाजवी होतात. हे दोन रुपये इंधनाव्यतिरिक्त गाडीवाल्याच्या खात्यात जमा धरा. तो ‘अरे सोड रे’ म्हणेल. तरीही धरा, कारण पुढच्या ट्रिपला गाडी काढायला तो आनंदाने तयार व्हायला हवा. मात्र दोनाचे दहा करू नका आणि याला भाडंही म्हणू नका. खाजगी गाडीचा विमा भाड्याने प्रवासी नेण्यासाठी चालत नाही. मित्रांनी प्रत्यक्ष खर्च वाटून घेणं वेगळं आणि गाडीवर कमाई करणं वेगळं.

इंधन मोजायची बिनतक्रार पद्धत एकच आहे, टाकी फुल ते टाकी फुल. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मालकाने स्वतःच्या खर्चाने टाकी फुल करायची आणि किलोमीटरच्या काट्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. वाटेत भरलेलं सगळं पेट्रोल सामायिक. परतल्यावर सगळ्यांना सोडायच्या आधी त्याच पंपावर पुन्हा टाकी फुल करायची, तेही सामायिक, आणि काट्याचा दुसरा फोटो. मग ‘आधी किती होतं’ हा प्रश्नच उरत नाही. टोलचंही तसंच. पुण्याहून कोल्हापूरपर्यंत खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी हे चार नाके लागतात आणि पैसे मालकाच्या फास्टॅगमधून परस्पर कापले जातात. तो रोख देत नसल्यामुळे हा खर्च हमखास विसरला जातो. परत आल्यावर त्याला फास्टॅगच्या नोंदींचा स्क्रीनशॉट टाकायला सांगा. त्याच्याकडे वार्षिक पास असेल, तर या नाक्यांवर रक्कम कापलेली दिसणार नाही. तो पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यातलं जे आधी संपेल ते, असा होता. म्हणजे त्या किमतीला एका नाक्याला १५ रुपये पडतात. अशा वेळी तेवढेच धरावेत. पास काढून वाचलेल्या पैशांत सगळ्यांना वाटा मिळतो आणि पासच्या फेऱ्या त्याच्या एकट्याच्या खिशातून जात नाहीत.

पंक्चर सामायिक. वेगाचं चलन आलं तर ते चालवणाऱ्याचं. आणि गाडीला घासलं तर काय, हे आधीच बोलून ठेवा, कारण हा विषय घडल्यावर काढणं फार जड जातं. विम्याचा दावा केला तरी ठरावीक रक्कम, पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये, मालकाला स्वतः भरावीच लागते. शिवाय दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट पुढच्या वर्षी जाते. त्यामुळे छोट्या डागडुजीसाठी दावा करणं मालकाला परवडत नाही. पाच हजारांपर्यंतची दुरुस्ती सामायिक, त्यावर गेल्यास दावा करायचा आणि मालकाने भरलेली रक्कम सामायिक धरायची, असा नियम मला योग्य वाटतो. तुमचा आकडा वेगळा असेल तर असू दे, पण ठरलेला असू दे.

उशिरा येणाऱ्या मित्राचा वाटा. इथे भावनेच्या भरात काहीही ठरतं. कोणी म्हणतं ‘त्याला अर्धं लाव’, कोणी म्हणतं ‘रूम तर त्याच्यासाठीही घेतली होती ना’. त्याने कधी कळवलं, यावर मी सगळं ठरवतो. बुकिंगच्या आधी सांगितलं असेल, तर तो नसलेल्या वेळेचा खर्च त्याचा नाही. बाकीच्यांनी हे माहीत असूनच बेत आखला आहे. बुकिंग झाल्यावर सांगितलं, तर त्याच्या न येण्याने जो खर्च कमी झाला नाही, त्यातला वाटा त्याने सोडायचा नाही. खोली आणि गाडी यात येतात, कारण तो नसला तरी तेवढेच पैसे जातात. जेवण येत नाही, कारण तो नसला तर एक थाळी कमी लागते. कोणी ऐनवेळी पूर्ण गळाला, तरी हाच नियम: परत न मिळणारा ॲडव्हान्स त्याचा, न खाल्लेल्या जेवणाचे पैसे नाहीत. तुमच्या मित्राने आधीच सांगितलंय, तेव्हा त्याचं रेल्वेचं तिकीट त्याचं आणि गाडीच्या खर्चात त्याचा अर्धा वाटा. जाताना तो गाडीत नाही, फिरताना आणि येताना आहे.

कुटुंबाचा वाटा. बायको-मुलांना घेऊन येणारा मित्र एक माणूस धरायचा का तीन, यावर कोणी उघड बोलत नाही आणि मनात मात्र सगळे बोलतात. मी गाडी, चहा-नाश्ता अशा खर्चात मोठ्या माणसाला एक आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धा वाटा धरतो. पाचाखालच्याला काही नाही. म्हणजे या कुटुंबाचे अडीच वाटे. ॲपमध्ये अर्धा टाकायचा नसेल तर सगळ्यांचे आकडे दुप्पट करा, मोठ्याला दोन आणि मुलीला एक. खोलीच्या बाबतीत मात्र माणशी वाटणी करू नका. एका खोलीचे पैसे त्या खोलीत झोपणाऱ्यांचे. जोडप्याला स्वतंत्र खोली मिळते, तिचे पूर्ण पैसे त्यांचे. चार मित्र दोन खोल्यांत, तर त्या दोन खोल्यांचे पैसे त्या चौघांत. तीन खोल्यांची बेरीज करून माणशी भागाकार केला की उशिरा येणारा मित्र नकळत तो नसलेल्या रात्रीचेही पैसे भरत असतो. मागच्या वेळी तुमच्याकडे असंच काहीतरी झालं असावं.

आता जेवण. पुण्या-मुंबईत हॉटेलात जेवताना शाकाहारी-मांसाहारी फरक मी मोजत नाही. चार माणसांच्या पनीरच्या आणि चिकनच्या भाज्यांत असा कितीसा फरक पडतो. मालवणात तसं करू नका. तिथे शाकाहारी थाळी दोनशे-सव्वादोनशेला आणि सुरमईची चारशेच्या आसपास धरा, पापलेट त्याहून वर, आणि तेही त्या दिवशी मासळी काय भावाने आली त्यावर. सहा जेवणांत हजार-बाराशेचा फरक होतो. तुमचा शाकाहारी मित्र तो निमूट भरेल आणि पुढच्या वेळी ‘जमत नाही रे’ म्हणेल.

सुदैवाने कोकणातल्या घरगुती मुक्कामात हे मोजणं फार सोपं असतं. सकाळी नाश्त्याच्या वेळीच घरच्या वहिनी विचारतात, ‘दुपारी किती जण, मासे किती, शाकाहारी किती?’ आणि त्यांच्या वहीत तसं लिहून ठेवतात. तेव्हाच तुमच्या फोनमध्येही एक ओळ लिहा, ‘दुसरा दिवस दुपार: सुरमई ४, शाकाहारी १’. त्याच वेळी आजचा भावही विचारून घ्या. निघताना त्यांची वही आणि तुमच्या ओळी जुळल्या की बिलावर बोलायला काही उरत नाही. जास्तीचा तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं सुकं अशी मधे मागवलेली डिश ही मासे खाणाऱ्यांत वाटायची. नाश्ता, चहा, पाण्याच्या बाटल्या, हायवेवरची मिसळ हे सगळं सर्वांत, वाट्यांनुसार. इथे कोणी दोन चहा घेतले आणि कोणी एकच, हे बघायचं नाही. शंभर रुपयांच्या आतल्या फरकावर वेळ घालवला की माणसं दुखावतात आणि हाती काही लागत नाही.

दारूचं बिल कायम वेगळं मागा. सामायिक बिलात मिसळलेली बीअर नंतर बाहेर काढताना हमखास चूक होते. दुकानातून आणलेल्या बाटल्यांची पावती फोटो काढून ठेवा आणि पिणाऱ्यांत समान वाटा. स्कूबा, पॅरासेलिंग, किल्ल्याची होडी हे ज्याचं त्याने तिथल्या तिथे द्यावं आणि हिशेबात आणूच नये. एखाद्याने सगळ्यांच्या होडीचे पैसे भरलेच, तर परत किनाऱ्यावर येईपर्यंत बाकीच्यांनी त्याला दिलेले असावेत.

नोंद ठेवायला एकच माणूस असावा. पैसे मात्र कोणीही भरावेत. सगळे नोंदी करतील असं ठरलं की काही नोंदी दोनदा होतात आणि काही होतच नाहीत. रोज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं तुम्ही ग्रुपवर विचारायचं, ‘आज कोणी काय भरलं?’ आणि तेव्हाच लिहायचं. तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात कधी नेटवर्क दगा देतं, म्हणून शंभर-दोनशेच्या नोटांत चार-पाच हजार रोख एकाकडे ठेवा आणि ते त्याच्या नावावर आधीच लिहा. Splitwise वापरत असाल तर फुकट आवृत्तीत दिवसाला मोजक्याच नोंदी करता येतात, तेव्हा दिवसभराचा चहा-पाणी-नाश्ता एका ओळीत टाका. मला स्वतःला साधी शीट बरी वाटते, कारण ती सगळ्यांना उघडून बघता येते.

शीटमध्ये A मध्ये तपशील, B मध्ये रक्कम, C मध्ये कोणी भरले, आणि D ते H या पाच स्तंभांत पाच खात्यांचे वाटे. कुटुंब एकच खातं. I मध्ये त्या ओळीतल्या वाट्यांची बेरीज. पाच ओळी असतील, तर एका खात्याने किती भरलं आणि त्याच्या वाट्याला किती आलं, हे असं निघतं:

```
I2:    =SUM(D2:H2)
भरले:  =SUMIF($C$2:$C$6,"मी",$B$2:$B$6)
वाटा:  =SUMPRODUCT($B$2:$B$6,D$2:D$6/$I$2:$I$6)
```

“मी” च्या जागी C मध्ये जे नाव लिहिलं असेल तेच लिहायचं. एकाच खर्चाचे पैसे दोघांनी भरले असतील तर त्याच्या दोन ओळी करा आणि सूत्रातला ६ हा आकडा तेवढा वाढवा. खोली आणि थाळीच्या ओळींत वाटे म्हणून एक-अर्धा न लिहिता थेट प्रत्येकाचे रुपये लिहा; सूत्र तेच चालतं.

आता तुमचीच ट्रिप आकडे धरून करून बघू. आकडे अंदाजी आहेत, पण पद्धत हीच ठेवा.

गाडी एकूण ९०० किलोमीटर चालली, भरलेल्या गाडीला लिटरमागे पंधराचं ॲव्हरेज, म्हणजे ६० लिटर. १०५ रुपयांनी ६,३०० झाले. टोल ७२०, झीज १,८००. एकूण ८,८२०. वाटे सहा: तुम्ही, गाडीवाला आणि शाकाहारी मित्र यांचा प्रत्येकी एक, कुटुंबाचे अडीच, उशिरा आलेल्याचा अर्धा. एक वाटा १,४७० रुपये. गाडीवालाही त्याचा वाटा भरतो, हे विसरू नका.

खोल्या तीन, रात्रीला २,४०० प्रमाणे. जोडप्याच्या खोलीचे तीन रात्रींचे ७,२०० त्यांचे. मित्रांच्या दोन खोल्या पहिल्या रात्री तिघांतच होत्या, म्हणून त्या रात्रीचे ४,८०० तिघांत, १,६०० प्रत्येकी. पुढच्या दोन रात्री चौघांत, रात्रीला १,२०० प्रत्येकी. म्हणजे तिघांचे प्रत्येकी ४,००० आणि उशिरा आलेल्याचे २,४००. त्याने बुकिंगनंतर कळवलं असतं, तर चौघांचेही ३,६०० झाले असते.

चहा-नाश्ता-पाणी ५,४००. मित्र ट्रिपच्या उत्तरार्धातच होता, त्यामुळे इथेही गाडीसारखेच सहा वाटे, ९०० चा एक. थाळ्या: वहिनी धरून मासे खाणाऱ्या चौघांच्या सहा जेवणांचे ४०० प्रमाणे प्रत्येकी २,४००, उशिरा आलेल्याची चारच जेवणं, १,६००, शाकाहारी मित्राचे २२० प्रमाणे १,३२०, मुलगी आईच्या ताटातलंच जेवली. एकूण १२,५२०. बाटल्या दुसऱ्या रात्री उघडल्या, ३,२०० चौघांत, ८०० प्रत्येकी.

बेरीज केली की तुमचा आणि गाडीवाल्याचा वाटा प्रत्येकी ९,५७०, शाकाहारी मित्राचा ७,६९०, उशिरा आलेल्याचा ५,९८५ आणि कुटुंबाचा १८,७२५. सगळं मिळून ५१,५४०, आणि झालेला खर्चही नेमका तेवढाच. ही दोन्हीकडची बेरीज जुळली नाही, तर कुठलीतरी नोंद राहिली आहे असं समजा आणि ती सापडेपर्यंत कोणाला आकडा कळवू नका. एकदा चुकीचा आकडा गेला की दुसऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

मागच्या वेळसारखं ५१,५४० भागिले सहा केलं असतं, तर माणशी ८,५९० आले असते. शाकाहारी मित्राने नऊशे रुपये जास्त भरले असते, एक दिवस उशिरा आलेल्याने तर सव्वीसशे जास्त, आणि तुमचे नि गाडीवाल्याचे प्रत्येकी हजारभर वाचले असते. अबोला कोणी धरला असता, ते लगेच कळतं.

आता कोणी किती भरले ते बघा. समजा खोल्यांचा अर्धा ॲडव्हान्स १०,८०० आणि चहा-नाश्ता ५,४०० तुम्ही भरले, म्हणजे १६,२००. गाडीवाल्याच्या नावावर ८,८२०. जोडप्याने निघताना खोल्यांचे उरलेले १०,८०० आणि सगळ्या थाळ्या १२,५२० भरल्या, २३,३२०. उशिरा आलेल्याने बाटल्या, ३,२००. शाकाहारी मित्राने काहीच नाही. भरलेल्यातून वाटा वजा केला की तुमचे ६,६३० आणि जोडप्याचे ४,५९५ येणे. शाकाहारी मित्राचे ७,६९०, उशिरा आलेल्याचे २,७८५ आणि गाडीवाल्याचे ७५० देणे. येणं आणि देणं दोन्ही ११,२२५. कोणी कोणाच्या कुठल्या बिलाचं देणं लागतो, हे आता बघायचंच नाही. ज्याचं देणं सगळ्यात मोठं, त्याने ज्याचं येणं सगळ्यात मोठं त्याला द्यायचं: शाकाहारी मित्र तुम्हाला ६,६३० देईल आणि जोडप्याला १,०६०, उशिरा आलेला जोडप्याला २,७८५, गाडीवाला जोडप्याला ७५०. चार व्यवहारांत सगळं चुकतं. पाच खाती असतील तर चाराहून जास्त व्यवहार कधीच लागत नाहीत.

यात एक खटकतं. ज्याने मासे खाल्ले नाहीत, दारू घेतली नाही, त्यालाच घरी परतल्यावर साडेसात हजारांहून जास्त पाठवायचे आहेत. आकडा बरोबर आहे, पण वाचताना त्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून दुसऱ्या रात्रीची नोंद झाली की तोपर्यंत सगळ्यात कमी कोणी भरलंय ते बघा आणि पुढचं मोठं बिल त्याच्याकडे द्या. ‘उद्याचं तू भर रे, तुझं अजून काही नाही’ एवढं त्याला एकट्याला म्हटलं की पुरे. थाळ्यांच्या बिलातले ७,५०० त्याने भरले असते, तर त्याचं देणं फक्त १९० उरलं असतं. जोडप्याने तेवढे कमी भरले असते, त्यामुळे त्यांचं देणं २,९०५ झालं असतं. मग चौघांनीही एकेक व्यवहार तुमच्याकडेच करायचा: १९०, ७५०, २,७८५ आणि २,९०५. त्याची बेरीज ६,६३०, म्हणजे नेमकं तुमचं येणं.

बुकिंगचा ॲडव्हान्स मात्र तुम्ही एकट्याने अडकवून ठेवू नका. बुकिंगच्याच दिवशी मित्रांकडून दोन-दोन हजार आणि कुटुंबाकडून चार हजार कॉन्ट्री घ्या आणि ती त्यांच्या नावावर भरलेली म्हणून लिहा. यात दुसरा फायदा असा की ज्याचं ‘येतो, येतो’ कच्चं आहे, तो पैसे मागितल्यावर लगेच कळतो.

परतल्यावर दोन दिवसांच्या आत हिशेब टाका. आठवडा गेला की लोकांना कुठल्या बिलात काय होतं ते आठवत नाही आणि प्रत्येक आकडा संशयाचा होतो. ग्रुपवर शीटची लिंक आणि एवढाच मजकूर टाका: ‘तारकर्लीचा हिशेब झाला. एकदा बघून घ्या, काही राहिलं असेल तर उद्या रात्रीपर्यंत सांगा. मग कोणी कोणाला किती द्यायचे ते टाकतो.’ आधी पडताळणी, मग मागणी, हा क्रम पाळा. चूक दाखवायला एक दिवस मिळाला की पैसे देताना कुरकुर होत नाही. दुसऱ्या मेसेजमध्ये प्रत्येकाचं नाव, रक्कम दहाच्या पटीत केलेली, ज्याला द्यायचे त्याचा नंबर आणि तारीख. मागताना माफीचा सूर नको आणि ‘सावकाश दे’ही नको, त्याने लोकांना खरंच सावकाश द्यावंसं वाटतं. ज्याने दिले त्याने ग्रुपवर ‘दिले’ लिहायचं, असा रिवाज ठेवा. चौघांचं ‘दिले’ दिसलं की पाचवा आपणहून देतो.

तरीही एखादा राहतोच. त्याला ग्रुपवर नाव घेऊन आठवण करू नका. तारीख उलटून चार दिवस झाले की फोन करा, मेसेज नको. मेसेजला ‘हो करतो’ असं उत्तर येतं आणि विषय तिथेच थांबतो. फोनवर आधी रकमेची खात्री करा: ‘तुझा आकडा तुला बरोबर वाटतो ना?’ बऱ्याचदा अडचण तिथेच निघते. एखादी ओळ त्याला पटलेली नसते आणि सगळ्यांसमोर बोलायचं नसतं. ती ऐकून घ्या. त्याचं म्हणणं ठरलेल्या नियमात बसत असेल तर शीट दुरुस्त करून सगळ्यांना कळवा. बसत नसेल तर तसं सरळ सांगा. आणि खरोखर हाताशी पैसे नसतील, तर दोन हप्त्यांच्या तारखा तिथल्या तिथे ठरवा आणि ज्याचं येणं आहे त्याला तुम्हीच कळवा, म्हणजे त्या दोघांना एकमेकांशी तो विषय काढावा लागणार नाही.